कार्डावर हेक्सागॉनचं पहिलं फूल : सात तुकडे, बारा शिवणी

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एक वैनी दुपारची जेवणं आटपल्यावर कापडी पिशवी घेऊन आल्या आणि त्यातनं एक फूल काढून टेबलावर ठेवलं. मधे पिवळा षटकोन, भोवती लाल बुट्ट्यांच्या सहा पाकळ्या, रंग इतके छान जमलेले की बघत राहावं. पण फूल टेबलावर टेकतच नव्हतं, वाटीसारखं कडेनं उठून बसलेलं. "ताई, बघा की ओ, सगळं तुम्ही सांगितल्यासारखंच केलंय, इस्त्री पण केली, तरी हे असं का बसलंय?" मी फूल उलटं केलं, मागची कार्डं हाताला लागत होती, मग पट्टी घेऊन एकेक पाकळी मोजली. पहिली पाकळी एक इंच. शेवटची एक इंच आणि वर तीन-साडेतीन मिलिमीटर. टाके बारीक होते, कापड चांगलं होतं, चूक सुई हातात घ्यायच्या आधीच झालेली होती.

म्हणून हे लिहितेय. ज्यांनी कधीच केलं नाही त्यांनी पहिलं फूल कसं करायचं, एकच फूल, सात षटकोनांचं. याला इंग्लिश पेपर पीसिंग म्हणतात, म्हणजे कागदाच्या नाहीतर पातळ कार्डाच्या साच्यावर कापड दुमडून कच्चं करायचं आणि मग दुमडलेल्या कडा हातानं एकमेकींना शिवायच्या. पद्धत जुनी आहे, इंग्लंडमधे १७१८ साल घातलेलं रेशमी तुकड्यांचं एक पांघरूण आजही जपून ठेवलंय आणि त्याच्या आत कागद अजून तसेच आहेत. आपल्याकडच्या वाकळेत तुकडे एकावर एक थर लावून धावदोऱ्यानं टाचतात, आमच्या कानडी शेजारणी तिला कौदी म्हणतात, त्यात तुकडा जरा वाकडा असला तरी खपून जातं. इथं तसं खपत नाही, कारण इथं एक कड दुसऱ्या कडेला बरोब्बर बसावीच लागते, जास्तीचं कुठं लपवायला जागाच नसते.

आधी कार्ड, आणि ते नीट

षटकोनाचं माप सांगताना त्याच्या एका बाजूची लांबी सांगतात. एक इंची हेक्सागॉन म्हणजे प्रत्येक बाजू एक इंच, टोकापासून समोरच्या टोकापर्यंत दोन इंच, आणि सपाट बाजूपासून समोरच्या सपाट बाजूपर्यंत पावणेदोनला जरासंच कमी. नवीन माणसानं एक इंचानंच सुरुवात करावी, अर्ध्या इंचाचे दिसतात फार गोड पण बोटात धरता येत नाहीत, आणि दोन इंचाच्या लांब कडेवर कापड मधे सैल राहतं.

काढायला शाळेतला कंपास पुरतो. टोक आणि पेन्सिल यांच्यात एक इंच अंतर घ्या, गोल काढा, मग कंपास न हलवता गोलाच्या रेघेवर टोक ठेवून तेवढ्याच अंतरानं खुणा करत जा. बरोब्बर सहा खुणा बसतात आणि सहावी पहिल्या जागेवर येऊन मिळते, नाही मिळाली तर कंपास सैल झालाय, परत काढा. खुणा पट्टीनं जोडल्या की षटकोन तयार.

आता मुद्द्याची गोष्ट. हा पहिला षटकोन हा तुमचा मूळ साचा, तो जरा टणक वस्तूचा करा, मी जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा केलाय, डब्याचं प्लास्टिकचं झाकण पण चालतं. सगळी कार्डं याच एका साच्यावरून काढायची. वैनींनी काय केलं होतं, पहिलं कार्ड काढलं, कापलं, त्यावरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं, असं करत गेल्या, आणि कात्री पेन्सिलीच्या रेघेच्या बाहेरून चालवली. पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर तरी असतेच. ती दर वेळी सगळीकडनं वाढत गेली की षटकोनाची एक बाजू दर वेळी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्तच वाढते, सहा वेळा तसं झालं की झाले तीन-साडेतीन मिलिमीटर. एक इंची कडेवर एवढी लांब कड शिवायला गेलं तर जास्तीचं कापड जाणार कुठं, ते वर उठतं आणि फुलाची वाटी होते. त्यामुळे साचा एकच, पेन्सिल टोकदार, आणि कात्री रेघेच्या आतल्या अंगानं, म्हणजे रेघ कापून टाकायची.

तपासायचं कसं तर सातही कार्डं एकावर एक ठेवून टेबलावर ठोकून बघा, पत्त्यांचा गठ्ठा लावतो तसं, एखादं कार्ड बाहेर डोकावत असेल तर ते बाजूला काढा. मग सगळ्यात वरचं कार्ड एक बाजू फिरवून परत ठेवा, परत एक बाजू फिरवा, सहाही वेळा ते खालच्या कार्डांवर तंतोतंत बसलं पाहिजे. हे दोन मिनिटांचं काम आहे, पण वैनींची दोन दुपार यामुळे वाचली असती.

कार्ड कसलं घ्यायचं हा प्रश्न सगळ्या विचारतात आणि सगळ्यांच्या घरात लग्नपत्रिकांचा ढीग असतो, म्हणून पहिलं मन तिकडंच जातं. पत्रिका बहुतेक जाड असतात, पुढे शिवताना मधलं कार्ड अर्ध्यात दुमडावं लागतं तेव्हा त्या दुमडत नाहीत, आणि सोनेरी छपाई असेल तर इस्त्रीच्या उष्णतेनं ती कापडाला लागू शकते. साधा झेरॉक्सचा कागद उलट फारच पातळ, कापड ओढलं की त्याच्या कडा वाकतात. शाळेच्या प्रोजेक्टला घेतात तो कार्डशीट, १६० ते २०० जीएसएमचा, कोरा आणि बिनचमकीचा, हा बरोबर. बोटांनी वाकवला तर वाकतो, सोडला की परत सरळ होतो, एवढी ताकद हवी. एका ए-४ शीटमधे एक इंची वीस षटकोन आरामात निघतात. कापून झाल्यावर प्रत्येकाच्या मधोमध पंचिंग मशीननं एक भोक पाडून ठेवा, ते शेवटी कार्ड काढताना कामाला येतं.

कापड

सोलापुरात कापडाला तोटा नाही, पण हाताशी मिळेल ते सगळं या कामाचं नाही. युनिफॉर्मच्या कारखान्यांची कात्रणं ओळखीनं पिशवीभर मिळतात आणि रंगही झकास असतात, पण ते बहुतेक टेरीकॉट असतं. टेरीकॉट दुमडलं की परत उघडतं, बोटानं घडी घातली तरी राहत नाही, आणि शिवताना दोन कडा एकमेकींवरून सरकतात. चादरीचे तुकडे तर जाडच, पाव इंचाची घडी कोपऱ्यावर गोळा होऊन बसते आणि कापलेल्या कडेचे धागे सुटत जातात. आपली चादर अख्खी पांघरायलाच चांगली.

हवं ते निव्वळ सुती, मध्यम जाडीचं, घट्ट विणीचं. मॅचिंग सेंटरमधे परकराचं पॉपलिन मिळतं ते या कामाला फार चांगलं, शंभर छटा असतात आणि पाव मीटरसुद्धा देतात. पाव मीटरमधे, पन्हा ३६ इंच धरला तर, अडीच इंची ४२ चौकोन निघतात, म्हणजे सात फुलांच्या पाकळ्या. दुकानदार कॉटनच आहे म्हणाला तरी मी घरी आल्यावर दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळून बघते. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटानं चुरली जाते, पॉलिस्टर असेल तर वितळून टोकाला कडक मणी होतो. नवीन कापड एकदा धुवून वाळवून इस्त्री करूनच कापायचं, आणि लाल, मरून, गडद निळं असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा, रंग उतरला तर ते पांढऱ्याशेजारी नको.

जुनी सुती साडी वापरायची फार इच्छा असते, आईची, सासूबाईंची, आणि वापरावीच. फक्त ती धुवून धुवून इतकी मऊ झालेली असते की कार्डावर घडी पडत नाही. तिला कापायच्या आधी खळ द्या, भाताची पातळ पेज गाळून पाणी घालून त्यात बुडवून, सावलीत वाळवून थोडी दमट असतानाच इस्त्री करा, मग ती कागदासारखी उभी राहते. सगळं काम झाल्यावर एकदा धुवून खळ काढून टाकायची, ठेवली तर कपाटात कसर लागते. साडी जिथं विरळ झालीय, उजेडात धरली की हात दिसतो, तो भाग घेऊ नका, कडेवरच्या बारीक टाक्यांनी तिथंच फाटतं.

कापणं आणि कच्चं करणं

आता वैनींचंच फूल धरून चालू, म्हणजे एक पिवळा आणि सहा लाल बुट्ट्यांचे. कापडाचे अडीच इंची सात चौकोन कापा, उभ्या-आडव्या धाग्याला सरळ. षटकोनातच कापायची गरज नाही. चौकोन उलट बाजू वर करून टेबलावर ठेवायचा, त्यावर मधोमध कार्ड, कार्डाचं एक टोक वरच्या कडेकडे आणि एक खालच्या कडेकडे. एक टाचणी कार्डाच्या भोकातून नाहीतर एक यू-पिन कडेला, म्हणजे हलणार नाही. मग चारी कोपरे कात्रीनं असे उडवायचे की कार्डाभोवती सगळीकडे पाव इंच माया राहील. थोडी जास्त राहिली तर चालतं, पाव इंचापेक्षा कमी मात्र कुठंच नको, कमी माया शिवताना कार्डावरून निसटते.

कच्चं करायला कुठलाही उरलासुरला दोरा चालतो, तो आतच राहणार आहे, फक्त पातळ कापडाखाली गडद दोरा घेऊ नका, सुलट बाजूनं दिसतो. दोऱ्याच्या टोकाला गाठ मारा. एका बाजूची माया कार्डावर दुमडा, नखानं कडेवरून दाबा. तिच्या शेजारची बाजू दुमडा, म्हणजे कोपऱ्यावर दोन घड्या एकमेकींवर येतात. जिथं त्या एकमेकींवर आल्या तिथं सुई फक्त कापडातून घालायची, दोन्ही घड्यांतून, कार्डातून नाही, आणि त्याच जागी आणखी एक टाका मारायचा. मग दोरा न तोडता पुढची बाजू दुमडा, पुढच्या कोपऱ्यावर तसेच दोन टाके, आणि असं सहाही कोपरे. शेवटच्या कोपऱ्यावर पहिली घडी थोडी उचलून त्याखाली सहावी सारायची, म्हणजे सगळ्या घड्या एकाच दिशेनं फिरतात, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. हे दिशेचं मी मुद्दाम सांगतेय कारण दोन षटकोन शेजारी शिवले की एका दिशेच्या घड्या एकमेकींशेजारी बसतात, उलटसुलट असल्या तर एकाच कोपऱ्यावर ढीग होतो.

कार्डातूनच धावदोरा घालायची पण पद्धत आहे, मोठ्या षटकोनाला ती लागते. एक इंचाला लागत नाही, आणि तसं केलं तर शेवटी प्रत्येक कच्चा टाका उसवत बसावं लागतं. कोपऱ्यांवर टाचलेलं मात्र कायम राहतं, कार्ड नुसतं सरकून बाहेर येतं.

घडी किती घट्ट असावी हे हातालाच कळतं, तरी सांगते. झाल्यावर षटकोन उलटा करून सुलट बाजू बघा, कडेवरून बोट फिरवा, कार्डाची धार कापडाखाली लगेच लागली पाहिजे. बोट आणि कार्ड यांच्यात कापड पोकळ लागलं तर सैल आहे, तो षटकोन कार्डापेक्षा मोठा झालाय आणि वर सांगितलेली वाटीची गोष्ट परत होणार. उलट कार्डाची कडच वाकलेली दिसली तर जास्त ओढलंय. सात झाले की परत गठ्ठा लावून ठोकून बघा.

कडा जोडणं

इथं वेळ घ्या, कारण फुलाचं रूप इथंच ठरतं.

सुई बारीक, दहा नंबरची, हातशिलाईच्या सुयांत नंबर जेवढा मोठा तेवढी सुई बारीक हे लक्षात ठेवा. दोरा पण पातळ, कोपरापासून बोटापर्यंत एवढाच, म्हणजे दीड फूट. लांब दोरा घेतला तर वेळ वाचेल असं वाटतं पण तो कडेवरून ओढून ओढून मधेच झिजतो आणि गाठी पडतात. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला तर गुंता कमी होतो. रंग दोन कापडांपैकी गडद कापडाच्या जवळचा घ्या, किंवा सरसकट राखाडी, राखाडी बहुतेक रंगांत मिसळून जातो. उन्हाळ्यात दुपारी आपल्याकडे बोटं घामानं चिकट होतात आणि हलक्या रंगाच्या कडा मळतात, मी शेजारी कोरडं फडकं ठेवते आणि पिवळं-पांढरं काम सकाळीच करते.

पिवळा आणि एक लाल, सुलट बाजूला सुलट बाजू लावून, एक कड दुसऱ्या कडेवर तंतोतंत धरा. गाठ मायेच्या घडीखाली लपेल अशी सुई काढा. सुरुवात कोपऱ्यापासून करायची नाही, कोपऱ्यापासून साधारण पाव इंच आत करायची. तिथून तीन-चार टाके कोपऱ्याकडे मागे जा, कोपऱ्यावर एकाच जागी दोन टाके मारा, मग वळून त्याच टाक्यांवरून पुढे दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत या. असं केलं की गाठ मधे राहते आणि टोक पक्कं होतं, जिथं उसवायची भीती सगळ्यात जास्त तिथंच दुहेरी टाके पडतात.

टाका म्हणजे काय, तर सुई मागच्या कडेतून पुढच्या कडेत, दोरा वरून वळसा घेऊन परत मागे, पुन्हा तेच. इंग्रजीत व्हिपस्टिच म्हणतात, आपली तुरपाई ज्यांना येते त्यांचा हात लगेच बसतो. प्रत्येक वेळी घडीच्या अगदी टोकावरचे कापडाचे दोन-तीन धागेच उचलायचे. कार्ड उचलायचं नाही. कार्डात सुई गेली की कळतंच, हाताला अडल्यासारखं होतं आणि कागद टोचल्याचा बारीक आवाज येतो, लगेच मागे घ्या. एका इंचात बारा ते सोळा टाके, सुरुवातीला बारा जमले तरी बास. त्यापेक्षा विरळ झाले तर कड उघडल्यावर मधे फट दिसते.

खोल टाका ही दुसरी चूक. भीतीपोटी नवीन माणूस जास्त कापड उचलतो, की सुटायला नको. मग षटकोन उघडून सपाट केला की सुलट बाजूनं दोऱ्याच्या आडव्या रेघा शिडीसारख्या दिसतात आणि जोडावर उंचवटा येतो. थोडे टाके दिसणारच, हातकामात ते असतंच, पण हातभर अंतरावरून दिसायला नकोत. दोरा ओढताना कड जराही गोळा होऊ देऊ नका, टाका बसला की थांबायचं.

आता क्रम. पुष्कळ जणी एक पाकळी मध्याला, मग दुसरी मध्याला आणि लगेच पहिलीला, अशा जातात. ते पण बरोबरच आहे, पण पहिल्या फुलाला माझं सांगणं की आधी सहाही पाकळ्या मध्याला लावून घ्या. पहिल्या पाकळीची कड संपली की दोरा न तोडता मध्याच्या पुढच्या बाजूवर दुसरी पाकळी धरा आणि तसंच पुढे जा, सहा बाजू गोल फिरून या. दोरा संपायला आला की कोपऱ्यावर दोन टाके मारून तीन-चार टाके मागे या, मायेत शिरवून तोडा. सहा शिवणी झाल्या. आत्ता फूल सूर्यासारखं दिसतं, पाकळ्या मोकळ्या फडफडणाऱ्या.

राहिल्या पाकळी ते पाकळी अशा सहा शिवणी, आणि त्या नेहमी मध्यापासून बाहेर शिवायच्या. शेजारच्या दोन पाकळ्या सुलट बाजू आत घेऊन एकमेकींवर आणायच्या तर मधला पिवळा आडवा येतो, तो वाकवावाच लागतो. ज्या कोपऱ्यावर त्या दोन पाकळ्या मिळतात तिथून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पिवळा अर्ध्यात दुमडा, कार्डासकट, लगेच दोन पाकळ्यांच्या कडा आपोआप एकमेकींवर येतात. पातळ कार्ड का घ्यायचं ते इथं कळतं. वैनी इथं फूल न दुमडता तसंच ओढून शिवत होत्या आणि कडा तिरक्या बसत होत्या.

या शिवणीचा पहिला टाका सगळ्यात महत्त्वाचा. तिथं तीन कापडं एका बिंदूवर मिळतात, दोन लाल आणि एक पिवळं. दोन्ही लाल पाकळ्यांचे कोपरे उचलताना पिवळ्याच्या टोकाचा एक धागाही त्याच सुईवर घ्या, आणि त्या जागी दोन टाके. तो धागा राहिला की तिथं टाचणीच्या डोक्याएवढं भोक राहतं. बाहेरच्या टोकाला पोचलं की परत दोन टाके, मागे तीन-चार, आणि तोडा. पुढची शिवण नव्यानं. सहाव्या शिवणीला फूल चहूबाजूंनी बांधलेलं असतं म्हणून हात अवघडतो, तेव्हा फुलाचा अर्धा भाग हवा तसा दुमडा, कार्डाला सुरकुती पडली तर पडू दे, इस्त्रीनं जाते.

झालं की खिडकीच्या उजेडात फूल धरून बघा. मध्याभोवतीच्या सहा कोपऱ्यांतून उजेडाचा ठिपका आला तर त्या जागी मागून दोन टाके, तिन्ही कापडं उचलून. आत्ताच करा, कार्डं काढल्यावर तो बिंदू सापडत नाही. मग टेबलावर ठेवा. सपाट बसलं तर माप बरोबर. एक इंची सात षटकोनांचं फूल एका दिशेनं पाच इंच आणि दुसऱ्या दिशेनं सव्वापाचला किंचित कमी येतं, मोजून बघा.

बसलं नाही तर कुठली शिवण ते शोधा. एकाच पाकळीपाशी फुगवटा असेल तर ती पाकळी मोठी नाहीतर सैल आहे. तिच्या तीन शिवणी उसवायच्या, दोन शेजारणींच्या आणि एक मध्याची, कच्चं काढायचं आणि बरोबर कार्डावर तोच तुकडा परत कच्चा करायचा. कापड फुकट जात नाही, माया जरा जास्त उरते एवढंच. वैनींच्या फुलात आम्ही चौथी, पाचवी आणि सहावी अशा तीन पाकळ्या काढल्या, पहिल्या तीनचा फरक हातानं सामावून घेण्याइतका होता म्हणून त्या ठेवल्या. इस्त्री करून बसवू म्हणून मात्र बघू नका, मापात जास्त असलेलं कापड इस्त्रीनं तात्पुरतं दबतं आणि धुतलं की परत वर येतं.

कार्डं काढणं आणि पुढे

फूल पुढे वाढवायचं असेल तर नियम एकच, ज्या षटकोनाच्या सहाही बाजू शिवून झाल्यात त्याचंच कार्ड काढायचं. म्हणजे सात तुकड्यांच्या फुलात फक्त मधलं. पाकळ्यांच्या बाहेरच्या तीन-तीन कडा अजून मोकळ्या आहेत, कार्ड काढलं तर तिथली घडी ढिली पडते आणि पुढचा षटकोन नीट बसत नाही. फूल वाढवायचं असेल तर दुसऱ्या फेरीला बारा षटकोन लागतात, तिसरीला अठरा, दर फेरीला सहा वाढत जातात. दुसऱ्या फेरीत बारापैकी सहा षटकोन एकेकाच पाकळीला चिकटतात आणि सहा दोन पाकळ्यांच्या मधल्या खाचेत बसतात, खाचेतले आधी लावा, मग मधल्या जागा आपोआप दिसतात.

वैनींना एवढ्यातच थांबायचं होतं, उशीच्या अभ्र्यावर लावायचं होतं. त्यासाठी कार्डं आत असतानाच दोन्ही बाजूंनी कोरडी गरम इस्त्री दाबून घ्यायची, घासायची नाही. थंड होऊ द्यायचं. मग सातही कार्डं काढायची, मागून एकेका कार्डाच्या भोकात बंद पेनचं टोक नाहीतर विणकामाची सुई घालून उचलायचं, कार्ड वाकून बाहेर येतं. अडलं तर ओढू नका, एखादा टाका कार्डात गेलाय, तो बघून कार्डच तिथं कात्रीनं कापा, टाका नाही. मग परत एकदा हलकी इस्त्री, बाहेरच्या घड्या जागेवर राहतील अशी. फूल अभ्र्याच्या मधोमध टाचण्यांनी लावून बाहेरच्या कडेनं बारीक तुरपाई घालायची, प्रत्येक बाहेरच्या टोकावर एक जास्तीचा टाका, आणि दोन पाकळ्यांमधल्या आतल्या खाचेत पण एक, कारण धुताना तिथूनच उचकटतं.

निघालेली कार्डं फेकू नका, टोकं मऊ पडेपर्यंत तीन-चार वेळा चालतात. वैनींची जुनी सहा कार्डं मात्र आम्ही त्याच दुपारी फाडून टाकली, आणि त्या जाताना माझा एक्स-रेचा साचा घेऊन गेल्या.